रिबिनीच्या बदल्यात चित्र

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1973 साली प्रसिद्ध झाला. मुलं तीन ते पाच वर्षांची. मोकळ्या वेळात स्केचपेन दिसले की आपणहून चित्रं काढायला बसणारी मुलंच त्यांनी मुद्दाम निवडली.

काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्रक दिलं, पण न सांगता, चित्र काढून झाल्यावर. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात पुन्हा मांडले. या वेळी बक्षिसाचं नावही नव्हतं. बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं स्केचपेनकडे जेमतेम 9 टक्के वेळ रमली. बाकी दोन्ही गटांतली मुलं त्याच्या सुमारे दुप्पट वेळ रमली होती. शिवाय बक्षिसासाठी काढलेली चित्रं परीक्षकांना डावी वाटली होती.

बक्षीस तिन्हींपैकी दोन गटांना मिळालं, पण आवड घटली ती फक्त एकाच गटाची. म्हणजे घोळ ताऱ्यात नव्हता, आधी झालेल्या सौद्यात होता. ‘मी हे कशासाठी करतोय?’ या प्रश्नाला मुलाकडे आता तयार उत्तर होतं: रिबिनीसाठी.

आजच्या वर्गातले पॉइंट, बॅज आणि क्रमवारीचा फलक हा बहुतेक वेळा असाच सौदा असतो. मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयातल्या दोन वर्गांना एकच अभ्यासक्रम शिकवला होता. एका वर्गाला सोबत बॅज आणि फलक होता. सत्र पुढे सरकलं तशी त्याच वर्गाची अभ्यासातली गोडी कमी झाली, आणि त्याचा फटका अंतिम परीक्षेच्या गुणांनाही बसला.

म्हणून पॉइंट सरसकट फेकून द्यावेत असं नाही. पाढ्यांच्या उजळणीत मुळात फारशी गोडी नसेल, तर पॉइंटांमुळे गमावण्यासारखंही फारसं नसतं. उलट सराव तेवढा होऊन जातो. गोष्टीच्या पुस्तकांचं गणित निराळं. पुस्तकामागे एक तारा असं ठरलं, की हुशार मूल सर्वांत पातळ पुस्तक उचलणार. त्यात त्याची चूक ती काय? नियम त्यानं बरोबर वाचला. ‘सातचा पाढा न अडखळता येतो’ एवढंच सांगणारा बॅजही तितका घातक नसतो, कारण त्यातून मुलाला स्वतःची प्रगती कळते. ‘वर्गात चौदावा’ यातून कळतो तो फक्त इतरांचा क्रम.

नुकसान होतंय का, हे शिक्षकाला प्रयोगशाळेविना तपासता येतं. दोन आठवडे पॉइंट बंद ठेवावेत आणि मोकळ्या तासाला पुस्तकांच्या कपाटाकडे कोण जातं ते पाहावं. मात्र पॉइंट सुरू करण्याआधी कोण जात होतं, याची नोंद हाताशी हवी. ती बहुतेक शाळांत कुणी ठेवत नाही.