दत्तक रजेचा अर्ज : आदेशाची वाट पाहू नये

दत्तक रजेसाठी मनुष्यबळ विभागाकडे अर्ज करताना बहुतेकांचा समज असतो की, आधी दत्तकाचा अंतिम आदेश हाती यावा आणि मगच अर्ज द्यावा. या समजुतीपायी रजेचा मोठा हिस्सा वाया जातो. खासगी आस्थापनांना लागू असलेल्या कायद्यात दत्तक घेणाऱ्या मातेची बारा आठवड्यांची रजा मूल तिच्या ताब्यात दिल्याच्या दिनांकापासून मोजली जाते. ही तरतूद २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

ताबा आणि आदेश यांत अंतर का पडते, हे प्रक्रियेवरून कळते. पालकांनी सुचवलेले मूल स्वीकारल्यावर साधारण दहा दिवसांत ते त्यांच्याकडे पूर्वदत्तक प्रतिपालनासाठी सोपवले जाते. त्या वेळी हमीपत्रावर सह्या होतात. त्यानंतर संस्था जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. सप्टेंबर २०२२पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. मूल मात्र पहिल्या दिवसापासून घरी असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हैदराबादच्या मलकपेठेत राहणाऱ्या, खासगी कार्यालयात नोकरी करणाऱ्या एका मराठी महिलेने ३ जूनला अकरा आठवड्यांच्या मुलीचा स्वीकार कळवला. १२ जूनला मुलगी घरी आली आणि १० ऑगस्टला आदेश निघाला. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. ते ३ सप्टेंबरला संपतात. आदेश आणल्यावरच अर्ज घेऊ, असे कार्यालयाने म्हटले आणि तिने ते मान्य केले, तर ५९ दिवस निघून गेलेले असतील आणि हाती केवळ २५ दिवस उरतील.

म्हणून अर्ज दोन टप्प्यांत द्यावा. स्वीकार कळवताच पहिली लेखी सूचना द्यावी : मूल अमुक सुमारास ताब्यात येईल, तेव्हापासून बारा आठवड्यांची रजा हवी आहे. तयारीला जेमतेम आठवडाभर मिळत असल्याने महिनाभर आधी सूचना देण्याची अपेक्षा येथे पाळता येत नाही. तसे सूचनेत स्पष्ट लिहावे. ताब्याच्या दिवशी दुसरे पत्र द्यावे. त्यात रजेचा पहिला आणि शेवटचा दिनांक, लाभाची रक्कम स्वतःला की नामनिर्देशित व्यक्तीला द्यायची, आणि रजेच्या काळात अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही, या तीन गोष्टी असाव्यात. शेवटच्या दोन गोष्टी कायद्यातील सूचनेचाच भाग आहेत. आदेश मिळताच त्याची प्रत सादर करू, असेही त्यात नमूद करावे. दोन्ही पत्रांची पोच घ्यावी.

सोबत पूर्वदत्तक प्रतिपालनाच्या हमीपत्राची प्रत आणि संस्थेचे पत्र जोडावे. संस्थेच्या पत्रात मुलाचा जन्मदिनांक व ताब्याचा दिनांक असावा. पालकांच्या नावाचा जन्मदाखला आदेशानंतरच मिळतो. तो आधी मागितला गेल्यास हेच पत्र पुढे करावे. बालअभ्यास अहवाल मात्र कार्यालयात देऊ नये. त्यात मुलाची पार्श्वभूमी असते आणि ती गोपनीय राहायला हवी.

मुलाचे ताब्याच्या दिवशीचे वय अर्जात आवर्जून लिहावे, कारण कलमाच्या मूळ शब्दांत तीन महिन्यांखालील मुलाचा उल्लेख आहे. जन्मदात्यांनी सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यामुळे तीन महिन्यांच्या आत मूल दत्तक पालकांकडे पोहोचणे विरळाच. याच अटीला हंसानंदिनी नंदुरी यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. मूल मोठे असले, तरी अर्ज लेखीच द्यावा आणि नकार आल्यास तो कारणांसह लेखी मागावा. पुढे निरीक्षकाकडे दाद मागताना तोच कागद लागतो.

केंद्र सरकारच्या रजा नियमांखाली येणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तेथे १८० दिवसांची रजा मिळते. मात्र मूल एक वर्षाखालील असावे आणि हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावीत. त्यामुळे या अर्जाला हयात अपत्यांचे घोषणापत्र जोडावे लागते. वडिलांनाही याच अटींवर पंधरा दिवसांची रजा आहे आणि ती सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. राज्य विमा योजनेत मोडणाऱ्या महिलांनी लाभाचा दावा मात्र मालकाऐवजी विमा महामंडळाच्या शाखेत करावा. कार्यालयाला द्यायची रजेची सूचना वेगळी.