खुर्चीचे घोषवाक्य आणि मोजपट्टी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मध्यमवर्गीय घरांतील जेवणाच्या टेबलाला कचेरीचे रूप आले. टाळेबंदी उठली, तथापि घरून काम करण्याची प्रथा अनेक व्यवसायांत अंशतः टिकून राहिली. तिच्याबरोबर एक आर्थिक बदलही घडला. त्याची चर्चा मात्र फारशी झालेली नाही. कचेरीतील खुर्ची पूर्वी खरेदी विभाग घेत असे. तो नमुने मागवी, मोजमापांचे तक्ते पाही, चार विक्रेत्यांची तुलना करी. आज तीच खुर्ची कर्मचारी स्वतः पडद्यावरील चित्र पाहून मागवतो. त्याच्या हाती एक घोषवाक्य आणि पाचसहा ओळींचे वर्णन एवढीच सामग्री असते. या ओळी कशा लिहाव्यात, हा प्रश्न म्हणूनच केवळ जाहिरातकाराच्या शब्दकौशल्याचा राहत नाही.

फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांचे दोन प्रकार सांगितले. काही गुण खरेदीपूर्वीच पारखता येतात, तर काही वापरल्यावरच कळतात. पुढे १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार दाखवून दिला. वापरल्यानंतरही ज्यांची खात्री पटत नाही, ज्यांवर केवळ विश्वासच ठेवावा लागतो, असे हे गुण. खुर्चीच्या बाबतीत बैठकीची उंची पहिल्या प्रकारात मोडते आणि दिवसभर बसल्यावर येणारा आराम दुसऱ्या. ‘पाठीचे आरोग्य’ मात्र तिसऱ्या प्रकारात जाते. कारण पाठदुखी थांबली तर ती खुर्चीमुळे, व्यायामामुळे की आपोआप, हे ग्राहक कधीच ठरवू शकत नाही. बाजारातील बहुतेक घोषवाक्ये नेमकी या तिसऱ्या प्रांतात वावरतात.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशा खुर्च्यांचा छोटा नवोद्योग सुरू केला आहे. त्याने अभिप्रायासाठी पाठविलेला मसुदा या दृष्टीने पाहण्याजोगा होता. घोषवाक्य होते : ‘पाठदुखीला कायमचा निरोप’. त्याखालील वर्णन असे : ‘जागतिक दर्जाची, शास्त्रशुद्ध रचनेची, बिफ्मा मानकांची खुर्ची, प्रत्येक भारतीयासाठी.’

यातील पहिला दावा सिद्ध करता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरा दावा खरा असू शकतो, पण वाचकाचा गैरसमज करून देणारा आहे. बिफ्मा ही अमेरिकेतील फर्निचर उत्पादकांची संघटना आहे आणि कचेरीच्या खुर्च्यांसाठी तिचे जे मानक सर्रास उद्धृत केले जाते, ते सुरक्षितता व टिकाऊपणा यांच्या चाचण्यांचे आहे. भाराखाली खुर्ची मोडत नाही, कलंडत नाही, एवढे त्यावरून कळते. ती तुमच्या शरीराला जुळेल की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

तिसरा दावा सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. पाच फूट उंचीची एक स्त्री घेऊ. तिच्या गुडघ्यामागच्या खोलगट भागाची जमिनीपासूनची उंची साधारण ३८ सेंटिमीटर भरते. कचेरीत पादत्राणे दोनतीन सेंटिमीटरची भर घालतात. घरी आपण अनवाणी बसतो. बाजारातील पुष्कळ खुर्च्यांची बैठक ४२ ते ४५ सेंटिमीटरच्या खाली उतरतच नाही. अशा खुर्चीवर तिचे पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. ते टाळण्यासाठी ती पुढे सरकून बसते. त्याबरोबर पाठ टेकणीपासून सुटते आणि ज्या कंबरेच्या आधारासाठी पैसे मोजले, तो आधार मागे एकटाच उरतो. बैठकीची खोली जास्त असली तरी परिणाम हाच. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोनतीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. ते राहत नसेल, तर खुर्ची कितीही महाग असली तरी त्या व्यक्तीसाठी चुकीची आहे.

या विद्यार्थ्याच्या खुर्चीत आखूड दट्ट्या बसविलेला असल्यामुळे बैठक ३८ ते ४६ सेंटिमीटरपर्यंत हलते. हा तिचा खरा गुण होता आणि मसुद्यात नेमका त्याचाच उल्लेख नव्हता. अर्थात या गुणाला मर्यादाही आहे. सहा फुटांहून उंच माणसाला ती ठेंगणी पडेल. शिवाय जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. आपल्या उदाहरणातील स्त्री ३८ सेंटिमीटरवर बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून साठएक सेंटिमीटरवर येते. पाय टेकले खरे, पण टंकन करताना खांदे दिवसभर उचललेले राहणार. हा दोष टेबलाचा असून कोणतीही खुर्ची तो एकटीने दूर करू शकत नाही.

अखेर जो मजकूर ठरला तो असा. घोषवाक्य : ‘पाय जमिनीवर, पाठ टेकलेली’. वर्णन : ‘घरून काम करणाऱ्यांसाठी, अनवाणी बसण्याचा विचार करून बनविलेली खुर्ची. बैठकीची उंची ३८ ते ४६ सेंटिमीटर, खोली ४० ते ४५ सेंटिमीटर. मागविण्यापूर्वी गुडघ्यामागची उंची आणि टेबलाची उंची मोजा. टेबल उंच असेल, तर कळफलकासाठी खाली सरकता फळा लागेल. सहा फुटांहून उंच व्यक्तींसाठी ही खुर्ची नाही.’

अशा रुक्ष वर्णनाने ग्राहक कमी होतील, हा आक्षेप अपेक्षित आहे आणि तो खराही आहे. पण हिशेब पुढे न्यावा लागतो. समजा, एका खुर्चीमागे नफा २,४०० रुपये आहे आणि परत आलेल्या खुर्चीवर वाहतूक व दुरुस्ती मिळून ३,००० रुपये बुडतात. मोहक मजकुराने १०० खुर्च्या गेल्या आणि २० परत आल्या, तर उरलेल्या ८० वरील १,९२,००० रुपयांतून ६०,००० वजा जाऊन १,३२,००० उरतात. स्पष्ट मजकुराने ७५ च गेल्या आणि ५ परत आल्या, तर १,६८,००० मधून १५,००० जाऊन १,५३,००० राहतात. आकडे गृहीत आहेत. परंतु अवजड वस्तूच्या धंद्यात परतीचा खर्च एका विक्रीचा नफा गिळतो, हे तत्त्व गृहीत नाही. परत घेण्याची सोयच ठेवली नाही, तर मात्र हा हिशेब उलटतो आणि नुकसान ग्राहकाच्या माथी जाते. म्हणून वर्णनात परतीची मुदत व तिचा खर्च कोणाकडे, हे वाक्यही असलेच पाहिजे. ज्याला आपल्या मालाची खात्री नाही, त्याला ते लिहिणे परवडत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने कसोटी सोपी आहे. वर्णनातील प्रत्येक वाक्य वाचून, हे घरातल्या मोजपट्टीने तपासता येईल काय, असे स्वतःला विचारावे. ज्या वर्णनात असे एकही वाक्य सापडत नाही, तेथे खुर्चीची नव्हे, आशेची विक्री चालू आहे, असे समजण्यास हरकत नाही.