तिकिटावरच्या दोन वेळा

मुंबईहून मंगळवारी पहाटे २ वाजता सुटणारं विमान मंगळवारीच सकाळी ७ वाजता न्यूअर्कला उतरतं, असं जानेवारीतल्या एखाद्या तिकिटावर दिसलं, तर प्रवास पाच तासांचा वाटतो. प्रत्यक्षात तो साडेपंधरा तासांचा असतो. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात, घोटाळा होतो तो तिथेच.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून पूर्वेकडे १५ अंश सरकलं की सूर्य तासभर आधी डोक्यावर येतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. साडेब्याऐंशीला पंधराने भागलं की साडेपाच येतात, म्हणून आपली वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. मुंबई या रेखावृत्ताच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण १२ वाजून ३९ मिनिटं झालेली असतात. सोयीसाठी आपण ती तफावत सोसतो. वेळेचे पट्टे सूर्यावरून सुरू झाले खरे, पण त्यांच्या सीमा देशांनी आपापल्या सोयीने आखल्या. चीन एवढा रुंद, तरी तिथे एकच वेळ.

हिशेब करताना वाटेतले पट्टे मोजत बसू नये. फक्त सुटण्याचं आणि उतरण्याचं गाव घ्यावं आणि दोन्ही वेळा यूटीसी या जागतिक वेळेत आणाव्यात. मुंबईच्या पहाटेच्या दोनातून साडेपाच तास वजा केले की सोमवारची रात्रीची साडेआठ येते. न्यूअर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणून सकाळच्या सातात पाच मिळवले की मंगळवारी दुपारचे बारा. साडेआठ ते बारा, साडेपंधरा तास.

परतीला रीत तीच. न्यूअर्कहून मंगळवारी रात्री साडेआठला निघालं, म्हणजे यूटीसीत बुधवारी रात्रीचा दीड वाजलेला असतो. साडेचौदा तासांचा प्रवास मिळवला की दुपारचे चार, त्यात साडेपाच मिळवले की मुंबईत बुधवारी रात्रीचे साडेनऊ. तिकिटावर अशा उतरण्याच्या वेळेशेजारी +1 दिसतं. ते पाहायचं राहिलं, तर घ्यायला येणारा माणूस एक दिवस आधी विमानतळावर पोचतो. सुटतानाही तसंच आहे: १५ तारखेला रात्री १२.४० चं विमान असेल, तर घरातून १४ तारखेलाच निघायला हवं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उन्हाळी वेळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, ब्रिटनमध्ये मात्र शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारवर येतं. भारतात घड्याळ हलत नाही, म्हणून न्यूयॉर्कशी आपलं अंतर हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. वरचं विमान मे महिन्यात त्याच वेळी सुटलं आणि तेवढाच वेळ उडालं, तर ते न्यूअर्कला ८ वाजता उतरेल.