भाकर, रोटी, पराठा की पुरी? भाजी बघून ठरवा

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावांत ज्वारी हे घरचं धान्य. पण आता बऱ्याच घरांत रोज गव्हाची रोटीच होते. मग एखाद्या दिवशी अंबाडीची भाजी केली की मुलं तोंड वाकडं करतात, आणि हळूहळू ती भाजी करणंच बंद होतं. खरं तर भाजी बिघडलेली नसते, जोडी चुकलेली असते.

फरक पिठातच आहे. गव्हाचं पीठ मळलं की त्याला चिकट ताण येतो, म्हणून रोटी पातळ लाटता येते आणि घडी घालून भाजी उचलते. ज्वारीत तो ताण नसतो. म्हणून आपण कढत पाणी घालून पीठ मळतो आणि भाकर हातानं थापतो. ती जाड होते, तुटते आणि ओलावा शोषून घेते. चवीला थोडी गोडसर असते. त्यामुळे भाकरीला आंबट, तिखट, लसणाची, अंगाशी ओलावा असलेली भाजी लागते.

अंबाडीचंच बघा. चार माणसांना पानं निवडलेली एक मोठी जुडी, अर्धी वाटी तुरीची डाळ आणि पाव वाटी ज्वारीच्या कण्या पुरतात. डाळ आणि कण्या अर्धा तास भिजवून कुकरमध्ये मऊ शिजवा. पानं वेगळी पाच-सात मिनिटं उकडा आणि पिळून पाणी टाकून द्या. नाहीतर आंबटपणा दातांना लागतो. मग सगळं एकत्र घोटून मीठ, हळद, हिरवी मिरची घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं शिजू द्या. शेवटी तेलात दहा-बारा लसूण पाकळ्या लाल करून, सुक्या मिरच्या टाकून वरून फोडणी ओता. ताटात वाढल्यावर भाजी पसरली नाही, पण भाकरीच्या तुकड्यानं सहज उचलली गेली, तर बरोबर जमली. कण्यांनी दाटपणा येतो आणि भाकरीचा गोडवा आंबटपणा सांभाळतो.

हीच भाजी रोटीसोबत दिली तर रोटी लगेच भिजते आणि तोंडात फक्त आंबट उरतं. घरात रोटीच असेल तर अंबाडी निम्मी घ्या, निम्मा पालक घाला आणि भाजी जरा घट्ट ठेवा.

वांग्याची रस्सा भाजी, येसरची आमटी यांचीही जोड भाकरीशीच. ताजी भाकर बुडवून खा, सकाळची उरलेली असेल तर रश्श्यात कुस्करा. भाकर गार झाली की कडक होते, म्हणून शिळ्या भाकरीला कोरडी भाजी देऊ नका. प्रत्येक घासाला पाणी प्यावं लागलं तर जोडी चुकली असं समजा. थापतानाच भाकरीच्या कडा फाटत असतील तर पीठ जुनं झालंय किंवा पाणी पुरेसं कढत नव्हतं. पीठ दहा-पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा.

रोटीला मात्र सुकी किंवा अंगाबरोबर रस असलेली भाजी शोभते. भेंडी हे त्याचं चांगलं उदाहरण. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं वाण महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करा, मग चिरा. झाकण न ठेवता परता आणि मीठ शेवटी घाला, म्हणजे तार सुटत नाही. अशी भेंडी रोटीच्या घडीत नीट बसते. भाकरीसोबत मात्र घास कोरडा होतो.

पराठ्यात तूप-तेल आधीच असतं. वर तेलाचा तवंग असलेली भाजी दिली की खाणं जड होतं. साध्या पराठ्याला कमी तेलातली फुलकोबी-बटाटा किंवा सुकी मेथी द्या. बाजूला वाटीभर दही असू द्या. सारण भरलेला पराठा असेल तर भाजीची गरजच नाही, दही-लोणचं पुरे.

पुरीचंही तसंच. ती तळलेली, आतून पोकळ आणि गरम असतानाच चांगली. तिला उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी किंवा टोमॅटोचा आंबटपणा असलेला पातळ बटाटा-रस्सा चांगला लागतो. आंबटपणानं तेलकट चव कापली जाते. गार पुरी चिवट होते, म्हणून भाजी आधी तयार ठेवा आणि दस्तरखान मांडल्यावरच पुऱ्या तळायला घ्या.

उद्या भाजी चिरायच्या आधी एवढंच बघा: ती पातळ-आंबट आहे की सुकी, आणि तेल किती आहे. पातळ-आंबट असेल तर परात ज्वारीच्या पिठाची, सुकी असेल तर गव्हाची. आणि रोटी, पराठा किंवा पुरी यात जितकं तेल जास्त, तितकं भाजीत कमी.