काँक्रीटच्या कारखान्यांतील आक्षेप : प्रतवारी आणि मुदत

हिशेबतपासनीस वर्षाअखेर पेढीच्या वह्या पाहून आपले आक्षेप लिहून ठेवतो, हें सर्वांना ठाऊक आहे. तशीच तपासणी कारखान्यांतील मालाच्या गुणवत्तेचीही होते. फरक इतकाच कीं, येथें वह्यांबरोबर प्रत्यक्ष माल, साचे, मोजमापाचीं उपकरणें आणि कामाची रोजची रीत हींही पाहिलीं जातात. तपासणीच्या शेवटीं जो अहवाल लिहिला जातो, त्यांत प्रत्येक आक्षेपाला एक प्रत आणि तो मिटविण्याला एक मुदत दिलेली असते. ही प्रत आणि ही मुदत कशावरून ठरते, हें एका कारखान्याच्या उदाहरणानें नीट समजेल.

शहरांतील पुष्कळ इमारतींचे भाग हल्लीं जागेवर ओतले जात नाहींत. ते कारखान्यांत लोखंडी साच्यांत ओतून घट्ट केले जातात आणि मग गाडीनें आणून, यारीनें उचलून एकमेकांशीं जोडले जातात. यालाच प्रीकास्ट काँक्रीट म्हणतात. भिंतींच्या अशा फळ्या तयार करणारा एक कारखाना कल्पावा. तपासनीस दोन दिवस तेथें हिंडला आणि त्याला तीन गोष्टी आढळल्या.

पहिली गोष्ट कोणाच्याही नजरेंत भरेल अशी होती. रचून ठेवलेल्या बारा फळ्यांच्या कडा फुटल्या होत्या. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती. फळीच्या पोटांतील सळया बाहेरच्या पृष्ठापासून किती आंत आहेत, तें अंतर मोजण्याचें एक उपकरण असतें. या अंतराला कव्हर म्हणतात. नकाशांत कव्हर ३० मिलिमीटर दिलें होतें. तपासनिसानें ओळीनें दहा फळ्या मोजल्या. सात ठीक निघाल्या. तिहींत कव्हर अवघें १५ ते २० मिलिमीटर भरलें. तिसरी गोष्ट तर केवळ कागदाची वाटावी अशी होती. वाफेच्या खोलींतील तापमापकाच्या पडताळणीची तारीख दोन महिन्यांपूर्वींच उलटून गेली होती.

नवखा मनुष्य फुटलेल्या कडांना पहिलें स्थान देईल आणि तापमापकाला शेवटचें. अनुभवी तपासनीस मात्र एकच प्रश्न विचारतो : हा दोष कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला, तर पुढें कोणाच्या दृष्टीस पडेल काय? कडा फुटलेली फळी इमारतीवर चढविणारा गवंडीही परत पाठवील. सळई उघडी पडली नसेल, तर ती कड ठरलेल्या रीतीनें दुरुस्तही करतां येते. म्हणून हा आक्षेप किरकोळ. फळ्यांखालचे लांकडी ठोकळे एका रेषेंत ठेवावे, म्हणजे कडांवर भार येणार नाहीं, इतका त्याचा उपाय. आणि त्याला दोन महिन्यांची मुदत पुरे.

कव्हरची गोष्ट वेगळी. काँक्रीट अल्कधर्मी असतें आणि त्या गुणामुळेंच आंतल्या लोखंडाला गंज चढत नाहीं. हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु हळूहळू आंत शिरून तो गुण नाहींसा करीत जातो. जितकें आंत जावें, तितकी त्याची गति मंदावते. लागणारा काळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. याचा अर्थ असा कीं, कव्हर निम्में झालें तर संरक्षणाचा काळ निम्मा होत नाहीं, तो चौथाई होतो. ज्या भिंतीच्या सळयांपर्यंत वायु पोंचावयास साठ वर्षें लागावयाचीं, तेथें तो पंधराच वर्षांत पोंचेल. त्या वेळीं भिंतीला रंग असेल, घरांत माणसें असतील, आणि आंत काय चाललें आहे हें प्रथम भेग पडल्यावर कळेल. म्हणून हा आक्षेप मोठा.

तापमापकाची प्रत मात्र तारीख पाहून ठरवितां येत नाहीं. तपासनिसानें तो काढावयास लावला आणि पडताळलेल्या दुसऱ्या तापमापकाबरोबर गरम पाण्यांत धरविला. दोन्हीं आंकडे जुळले असते, तर आक्षेप किरकोळ राहिला असता. पण खरें तापमान ७१ अंश असतां हा ६४ दाखवीत होता. काँक्रीट लवकर घट्ट व्हावें म्हणून त्याला वाफ देतात; परंतु त्याचें तापमान साधारण ७० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें, तर एट्रिंगाइट नांवाचे जे स्फटिक पहिल्या कांहीं तासांत तयार व्हावयाचे ते होत नाहींत. पुढें ओल मिळाली, कीं ते घट्ट झालेल्या काँक्रीटच्या आंत वाढूं लागतात आणि त्याला फोडतात. नोंदवहींत अनेक दिवशीं ६६ अंश लिहिले होते. तेथें खरे ७३ असणार. अशा फळीचा दाबाचा ठोकळा अठ्ठाविसाव्या दिवशीं उत्तम बळ दाखवील, कारण हा दोष वर्षांनीं प्रकट होतो. कागदाचा दोष येथें मोठा आक्षेप बनला.

आतां मुदतीचा विचार. तपासणी ३ मार्चला संपली असें धरूं या. कव्हरच्या आक्षेपाला एक नव्हे, चार तारखा दिल्या गेल्या. त्याच दिवशीं माल बाहेर पाठविणें बंद. १० मार्चपर्यंत शिल्लक प्रत्येक फळी मोजावयाची आणि आधींच गेलेल्या फळ्या कोणत्या इमारतींत बसल्या, त्याची यादी ग्राहकाला द्यावयाची. २ एप्रिलपर्यंत कारण शोधून उपाय करावयाचा. आणि ३० एप्रिलला, म्हणजे नव्या रीतीनें चार आठवडे माल ओतल्यावर, पुन्हां मोजणी.

कारखान्याचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें : “कामगारांना समज दिली.” तपासनीस तें परत पाठवितो. समज दिल्यानें सळई वर कां आली, याचा उलगडा होत नाहीं. शोध घेतां असें दिसलें कीं, सळयांचा पिंजरा साच्यापासून अलग ठेवणारे कव्हर ब्लॉक फार अंतरावर लावले जात होते आणि काँक्रीट हलवून बसवितांना पिंजरा मधेंच वांकत होता. अंतर कमी केलें, आणि ओतण्यापूर्वीं ब्लॉक मोजून सही करण्याची रीत घातली. ही झाली कारणावरची मात्रा. सदोष फळ्या बाजूला काढणें ही फक्त तात्पुरती मलमपट्टी होती. आयएसओ ९००१ हें प्रमाणही दोन्ही गोष्टी निरनिराळ्या मागतें आणि उपाय लागू पडला कीं नाहीं, तें तपासावयास सांगतें.

तापमापकाच्या आक्षेपांत पहिली तारीख त्याच दिवसाची : उपकरण बाद. नंतर जुन्या नोंदींत सात अंश मिळवून पाहावयाचें आणि ७० च्या वर गेलेल्या फळ्या वेगळ्या काढावयाच्या. त्यांचें काय करावें, हें तपासनीस ठरवीत नाहीं. तो इमारतीच्या रचनाकाराचा अधिकार. कायम कोरड्या राहणाऱ्या आंतल्या भिंतीला तो कदाचित् संमति देईल. पावसांत भिजणाऱ्या भिंतीला देणार नाहीं.

३० एप्रिलला पुन्हां दहा फळ्या मोजल्या गेल्या. नऊ ठीक निघाल्या, एक २६ मिलिमीटर भरली. व्यवस्थापकांच्या मतें हें पूर्वींपेक्षां पुष्कळच बरें होतें. तपासनिसानें आक्षेपापुढें “मिटला” असें लिहिलें नाहीं. नवी तारीख घातली, आणि ती एकच फळी कोणत्या साच्यांतून आली, तें आधीं विचारलें.