लाल डोळा आणि ५२चा आकडा

समजा, सात वर्षांची कॉकर स्पॅनियल कुत्री संध्याकाळी फिरून आली आणि रात्री नऊला तिचा डावा डोळा लाल दिसला. डोळा ती अर्धवट मिटून घेते, जेवणाला तोंड लावत नाही. घरचे म्हणतात, कचरा गेला असेल, सकाळी बघू. नेमकं या ‘सकाळी बघू’मध्ये डोळा हातचा जातो.

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत थोडं पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतं. अश्रूंशी याचा संबंध नाही. कॉकर, बीगल, बॅसेट हाउंड अशा जातींत काहींची ही वाट मुळातच अरुंद असते. ती एकदम बंद पडली, तरी पाणी येतच राहतं. डोळ्याला फुगायला फारशी जागा नसल्याने आतला दाब वाढतो. हा काचबिंदू.

डॉक्टर टोनोमीटरने दाब मोजतात. साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा ठीक मानतात. आपल्या कुत्रीचा उजवा डोळा १७, डावा ५२. इथे शंकेला जागा नाही.

पण आकडा ३० आला तर? गळ्यातला पट्टा ताणला गेला, कुत्रं धडपडलं किंवा पापणी उघडताना बोट डोळ्यावर दाबलं गेलं, तर निरोगी डोळाही तेवढा दाखवतो. म्हणून पट्टा काढायचा, मान मोकळी ठेवायची, पापणी हाडावर धरायची आणि पुन्हा मोजायचं. उलटा फसवा आकडा मला जास्त धोक्याचा वाटतो. डोळ्याच्या आत सूज असली की दाब सहसा उतरतो. तेव्हा सुजलेल्या डोळ्यात २२ दिसले, तर ते ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देता येत नाहीत. निचरा अडायला लागला असण्याची शक्यता असते.

५२ला घाई कशासाठी? एवढ्या दाबाखाली दृष्टिपटलाचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा आवळला जातो. काही तासांत पेशी मरू लागतात, एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. मेलेली नस परत येत नाही. नंतर दाब उतरला, तरी उपयोग फक्त वेदना थांबण्यापुरता.

डोळ्यातलं भिंग सरकून पुढे आलेलं नाही ना, हे डॉक्टर आधी पाहतात, कारण तसं असेल तर लॅटानोप्रोस्टचे थेंब उलटे बाधतात. नसेल तर थेंब घालून तासा-दोन तासांनी पुन्हा मोजतात. दाब उतरला नाही, तर शिरेतून मॅनिटॉल. घरात उरलेलं कुठलंही आय ड्रॉप मात्र घालू नये. बाहुली मोठी करणारं ॲट्रोपिन असलं, तर निचऱ्याची वाट आणखी अडते.

आणि १७चा उजवा डोळा? जातीमुळे आलेला काचबिंदू दोन्ही डोळ्यांचा असतो, फक्त एकाची पाळी आधी येते. त्यामुळे त्या चांगल्या डोळ्यातही त्याच दिवसापासून थेंब सुरू होतात आणि त्याचा दाब ठरावीक काळाने मोजत राहतात.