‘बंधनकारक नाही’ म्हणणाऱ्या कागदाची बंधनं

नोव्हेंबर 2015 मध्ये ओयो आणि झो रूम्स या स्वस्त हॉटेलांच्या दोन कंपन्यांनी एका टर्मशीटवर सह्या केल्या. ओयोने झो रूम्सचा धंदा घ्यायचा आणि त्या बदल्यात झो रूम्सच्या भागधारकांना ओयोतले 7 टक्के शेअर द्यायचे, असा बेत होता. अंतिम करार मात्र कधीच झाला नाही. झो रूम्सची मालक कंपनी झोस्टेल म्हणाली, आम्ही धंदा हवाली केला, आता शेअर द्या. ओयोचं म्हणणं होतं की सौदा पूर्णच झाला नाही, मग शेअर कसले? प्रकरण लवादाकडे गेलं. मार्च 2021 मध्ये माजी सरन्यायाधीश ए. एम. अहमदी यांनी लवाद म्हणून निवाडा दिला की दोघांचं वागणं पाहता ही टर्मशीट बंधनकारक आहे. मे 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. एका कागदाचा अर्थ लावण्यात साडेनऊ वर्षं गेली.

कंपनी विकत घेण्याचा सौदा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. आधी गोपनीयतेचा करार होतो. मग साधारण किंमत आणि अटी मांडणारा लेटर ऑफ इंटेंट किंवा टर्मशीट येते. त्यानंतर खरेदीदाराचे वकील आणि सीए कंपनीचे हिशोब, कर्जं, खटले, परवाने तपासतात; याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. सगळं जुळलं तर शेवटी शेअर-खरेदीचा सविस्तर करार होतो. पहिलं पत्राच्या भाषेत असतं आणि दुसरी मुद्द्यांच्या तक्त्यात, एवढाच काय तो फरक. बंधन त्या नावात नसतं, आत लिहिलेल्या वाक्यांत असतं. ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणून आलेला कागद बंधनकारक ठरू शकतो आणि टर्मशीट बिनबंधनाची असू शकते.

बिनबंधनाच्या कागदात किंमत, पैसे देण्याची पद्धत, जुन्या मालकाने किती काळ कंपनीत राहायचं, हे सगळं ‘सध्याचा विचार’ म्हणून लिहिलेलं असतं. तपासणीत काही वावगं आढळलं तर दोघेही उठून जाऊ शकतात. पण त्याच कागदात तीन-चार कलमं बंधनकारक असल्याचं वेगळं नमूद केलेलं असतं: एक्स्क्लुझिव्हिटी, गोपनीयता, खर्च कोणी करायचा आणि वाद कुठे सोडवायचा. म्हणजे एकाच सहीने एक भाग मोकळा राहतो आणि दुसरा बांधून घातला जातो.

पूर्ण बंधनकारक टर्मशीट घाईच्या सौद्यात वापरतात, दोन्ही बाजू एकमेकांना नीट ओळखत असतील तर विशेष. तिच्यात नेमकं काय विकलं जातंय, किंमत किती किंवा ती कशी काढायची, कुठल्या अटी पूर्ण झाल्यावर व्यवहार होईल, हे स्पष्ट हवं. कारण भारतीय करार कायद्याच्या 29व्या कलमानुसार, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार रद्दबातल ठरतो. ‘उरलेल्या अटी पुढे ठरवू’ एवढ्यावर कोर्ट सौदा उभा करत नाही. अशा टर्मशीटचा धोकाही मोठा आहे: तपासणीत कर्ज निघालं आणि त्याबद्दल कागदात काही लिहिलेलं नसलं, तर खरेदीदार अडकतो.

आता एक्स्क्लुझिव्हिटीकडे वळू. ठरलेल्या मुदतीत विकणाऱ्याने दुसऱ्या कुणाशी बोलणी करायची नाहीत, आलेला प्रस्तावही पुढे न्यायचा नाही, असं हे वचन असतं. तपासणीवर खरेदीदाराचा लाखोंचा खर्च होतो. त्या काळात विक्रेता तिसऱ्याला भेटून किंमत चढवू नये, एवढीच त्याची मागणी असते. झी आणि सोनीच्या विलीनीकरणाची घोषणा 22 सप्टेंबर 2021 रोजी झाली. ती टर्मशीट बंधनकारक नव्हती, पण तिच्यात 90 दिवसांची एक्स्क्लुझिव्हिटी होती. मुदत संपताच, 22 डिसेंबरला, अंतिम करार जाहीर झाले. पुढे 22 जानेवारी 2024 रोजी सोनीने विलीनीकरण सोडून दिलं. तेव्हा वाद पेटला तो अंतिम करारांवरून. टर्मशीटचं काम केव्हाच संपलं होतं.

विकणाऱ्यासाठी ही मुदत दुधारी असते. समजा चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला 40 कोटींचा प्रस्ताव आला आणि मालकाने 60 दिवसांची एक्स्क्लुझिव्हिटी दिली. पहिल्या आठवड्यात आणखी दोघांनी विचारलं, त्यांना त्याने थांबवलं. पन्नासाव्या दिवशी खरेदीदार म्हणतो, ‘तपासणीत थोडं वेगळं आढळलं, आम्ही 34 कोटीच देऊ.’ तोवर दुसरे दोघे दुसरीकडे वळलेले असतात, कामगारांत कुजबुज सुरू झालेली असते आणि मालक मनाने कारखाना विकून मोकळा झालेला असतो. म्हणून मुदत तारखेनिशी लिहावी आणि ती आपोआप वाढता कामा नये. खरेदीदाराने किंमत कमी केली की एक्स्क्लुझिव्हिटी त्याच दिवशी संपेल, हे एक वाक्य जरूर घालावं. खरेदीदारानेही, विक्रेत्याने वचन मोडल्यास तपासणीचा खर्च भरून मिळेल, असं लिहून घ्यावं. एरवी नुकसान किती झालं, हे सिद्ध करणंच अवघड जातं.

गोपनीयतेची मुदत याहून लांब, बहुतेक दोन ते तीन वर्षांची असते. ती सौदा फिसकटल्यावरही चालू राहते आणि तिचा खरा उपयोग तेव्हाच होतो. पण ही वर्षं कधीपासून मोजायची, सहीच्या तारखेपासून की बोलणी थांबल्यापासून, हे अनेकदा लिहायचं राहून जातं. शिवाय वचनाचे दोन भाग असतात: माहिती बाहेर सांगायची नाही आणि ती दुसऱ्या कामाला वापरायची नाही. दुसरा भाग किती जड असतो, हे अमेरिकेतल्या मार्टिन मॅरिएटा आणि व्हल्कन या खडी-दगड पुरवणाऱ्या दोन कंपन्यांच्या प्रकरणात दिसलं. 2010 मध्ये दोघींनी मैत्रीपूर्ण विलीनीकरणासाठी गोपनीयतेचा करार करून माहितीची देवाणघेवाण केली. बोलणी फिसकटली आणि 2011 च्या डिसेंबरमध्ये मार्टिनने व्हल्कनवर थेट ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला. अशा प्रयत्नावर करारात उघड बंदी नव्हती. तरीही डेलावेअरच्या न्यायालयाने 2012 मध्ये तो चार महिने रोखला, कारण माहिती फक्त आपापसात ठरवून होणाऱ्या व्यवहारासाठी दिली होती. छोट्या विक्रेत्याने यातून घ्यायचं ते असं: ग्राहकांची नावं आणि दर पहिल्याच दिवशी स्पर्धकाच्या हाती देऊ नयेत. आधी ‘ग्राहक क्रमांक 1’ अशी झाकलेली यादी द्यावी, नावं अंतिम कराराच्या उंबरठ्यावर उघड करावीत.

आता पुन्हा ओयो-झोस्टेलकडे. लवादाने वागण्याला वजन दिलं. उच्च न्यायालयाने मात्र मूळ कागद बंधनकारक नव्हता, या मुद्द्यावर निवाडा उलटवला. त्याच मुद्द्यावर दोन अनुभवी न्यायबुद्धींची मतं वेगळी झाली, तर सामान्य उद्योजकाने आपल्या बाजूने निकाल लागेल यावर धंदा पणाला लावू नये. अंतिम करार होऊन पैसे हाती येईपर्यंत कर्मचारी, ग्राहक किंवा चाव्या हवाली करू नयेत. आणि टर्मशीट पुढ्यात आली की किमतीचा आकडा नंतर पाहावा. आधी ‘पुढील कलमं मात्र बंधनकारक राहतील’ हे वाक्य शोधावं, त्याखालची कलमं वकिलाबरोबर वाचावीत आणि मगच सही करावी.